थकबाकी ₹33,261, आणि संस्था म्हणते "आधी भरा, मग खातेउतारा"

मोगरा | 21 एप्रिल 2024, रात्री 10:40

नमस्कार. बाबांच्या फ्लॅटबद्दल विचारायचं आहे. जरा लांबेल, पण यातली कुठली गोष्ट कामाची आणि कुठली नाही हे मला कळत नाहीये, म्हणून सगळंच सांगते.

डोंबिवलीत 42 फ्लॅटची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. बाबा 1994 पासून तिथे राहतात, वय 78. मेंटेनन्स तिमाही, ₹9,000. या मार्चपर्यंत बिलं हाताने लिहिलेली यायची, कार्बन लावून. आता संस्थेने नवीन अकाउंटंट नेमला आणि सॉफ्टवेअर घेतलं. एप्रिल ते जूनचं पहिलं छापील बिल आलं, त्यात चालू आकारणी 9,000 आणि खाली एकच ओळ: "मागील थकबाकी व व्याज 33,261". एकूण 42,261.

बाबांनी आयुष्यात कुणाचे पैसे ठेवले नाहीत. पावत्यांची निळी फाइल आहे त्यांची, प्रत्येक बिलाला मागे पावती टाचलेली. मी रविवारी बसून सगळी फाइल पाहिली. फक्त दोन तिमाहींच्या पावत्या नाहीत: ऑक्टोबर ते डिसेंबर 2020 आणि जानेवारी ते मार्च 2021. तेव्हा करोनामुळे ऑफिस बंद होतं, बाबांना खाली उतरू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, म्हणून ते दोन हप्ते मी माझ्या खात्यातून एनईएफटीने भरले. दोन्ही माझ्या बँक स्टेटमेंटमध्ये दिसतात, नोव्हेंबर 2020 आणि फेब्रुवारी 2021, प्रत्येकी 9,000.

मी सचिवांना ईमेल केला की स्टेटमेंट द्या. उत्तर आलं, "सिस्टीममध्ये थकबाकी दिसते आहे. आधी भरा, मग स्टेटमेंट देऊ. शिवाय आपण सभासद नाही." काल खाली नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लागली. त्यात बाबांचं नाव दुसरं आहे. दोन दिवस ते संध्याकाळी खाली बाकावर गेलेले नाहीत.

खातेउतारा मिळवायचा कसा? आणि तोवर पैसे भरायचे की नाही?

---

ठाणेकर_काका | 21 एप्रिल 2024, रात्री 11:15

ताई, एक पैसा भरू नका. चालू बिलसुद्धा नाही. एकदा भरलं की तुम्ही मान्य केलं असा अर्थ होतो. आणि तीन वर्षांच्या आधीची बाकी कायद्याने वसूलच करता येत नाही, मुदत संपली. 2020 चं येणं 2024 मध्ये मागताहेत म्हणजे विषय संपला. एवढं एक वाक्य लिहून पाठवा. दाद दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, सगळी कागदपत्रं बाहेर येतील.

---

सानिका_पु | 22 एप्रिल 2024, सकाळी 8:05

आमच्याकडेही अगदी हेच झालं! फ्लॅट भाड्याने दिला तर संस्थेने दुप्पट मेंटेनन्स लावला, बिनभोगवटा शुल्क म्हणून. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन निर्णयाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तो दाखवल्यावर त्यांनी पुढची बिलं बरोबर केली, पण आधीचे जास्तीचे पैसे अजून परत दिलेले नाहीत. तुमच्या वडिलांचा फ्लॅट भाड्याने आहे का?

---

मोगरा | 22 एप्रिल 2024, सकाळी 8:50

नाही सानिका, बाबा स्वतः राहतात. माझा प्रश्न दराचा नाही, भरलेले पैसे जमाच झाले नाहीत याचा आहे.

---

हिशेबनीस | 22 एप्रिल 2024, दुपारी 1:20

मोगराताई, मी बावीस वर्षं संस्थांची दफ्तरं लिहिली. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य महत्त्वाचं आहे: हप्ते तुमच्या खात्यातून गेले. तुमचं सासरचं आडनाव वेगळं असणार. त्यावर नंतर येतो. आधी उतारा कसा मागायचा ते.

सभासद तुम्ही नाही, बाबा आहेत, एवढं सचिवांचं म्हणणं बरोबर आहे. पण त्याचा अर्थ माहिती नाकारायची असा होत नाही, अर्ज बाबांच्या सहीने हवा इतकाच होतो. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 32 मध्ये सभासदाला स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी असलेला वह्यांचा भाग संस्थेच्या कार्यालयात विनाशुल्क पाहण्याचा हक्क आहे, आणि लेखी मागणी करून ठरलेली फी भरली की त्याची नक्कल मिळते. 2019 च्या दुरुस्तीत गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यातही हा हक्क आहे. "आधी थकबाकी भरा" अशी अट त्यात नाही.

आता मागायचं काय. नुसतं "स्टेटमेंट द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी एका ओळीचा कागद मिळतो, "31 मार्चअखेर येणे 33,261". तो कागद म्हणजे बिलच पुन्हा छापलेलं. तुम्हाला खतावणीतलं बाबांचं खातं हवं, ओळीओळीने: तारीख, बिल क्रमांक, आकारणी, व्याज, पावती क्रमांक, जमा रक्कम, शिल्लक. कधीपासून हेही लिहा, नाहीतर ते सॉफ्टवेअर सुरू झालं तिथपासूनचा देतील आणि पहिल्याच ओळीत "आरंभीची शिल्लक" म्हणून तीच रक्कम दिसेल. दोन हप्ते 2020–21 चे आहेत, म्हणून 1 एप्रिल 2020 पासून मागा.

साधा मसुदा देतो, बाबांच्या नावाने:

"मा. सचिव, विषय: माझ्या खात्याचा खतावणी उतारा व थकबाकीच्या आकारणीस हरकत. एप्रिल ते जून 2024 च्या बिलात दाखवलेली ₹33,261 ही मागील थकबाकी मला मान्य नाही. 1 एप्रिल 2020 ते आजपर्यंतच्या माझ्या खात्याचा नोंदनिहाय उतारा, व्याजाच्या आकारणीचा तपशील, आणि नोव्हेंबर 2020 व फेब्रुवारी 2021 या महिन्यांतील संस्थेच्या बँक खात्याच्या किर्दीतील माझ्या रकमांच्या नोंदी मला पाहायच्या आहेत व त्यांच्या नकला हव्या आहेत. नकलेची फी कळवावी, ती मी भरीन. माझी मुलगी माझ्यासोबत उपस्थित राहील. चालू तिमाहीचे ₹9,000 मी या पत्रासोबत भरत आहे, ती रक्कम याच तिमाहीच्या आकारणीत जमा धरावी."

दोन प्रती करा. दुसऱ्या प्रतीवर संस्थेचा शिक्का, तारीख, सही घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. ईमेलवर अवलंबून राहू नका.

---

कोर्टाच्या_पायऱ्या | 22 एप्रिल 2024, रात्री 9:30

मी सहकार न्यायालयात वकिली करते. ठाणेकर काकांचा राग समजू शकते, पण त्यांच्या तिन्ही सल्ल्यांवर बोलणं भाग आहे, कारण त्यातल्या दोनांनी नुकसान होईल.

तीन वर्षांची मुदत इथे लागत नाही. कलम 92 प्रमाणे संस्थेचं सभासदाकडून येणं असेल तर मुदत मोजायला सुरुवात होते ती सभासद वारल्यापासून किंवा त्याचं सभासदत्व संपल्यापासून. बाबा आज सभासद आहेत, म्हणजे "मुदतबाह्य" हा बचाव टिकणार नाही. तो एकच मुद्दा लिहून पाठवलात तर उलट असं वाचलं जाईल की पैसे भरले नव्हते, फक्त मुदत गेली. तुमचं म्हणणं "भरलेत" हे आहे. तेच लिहा.

चालू बिल अडवू नका. ते अडवलंत की आत्तापर्यंत खोटी असलेली थकबाकी खरी होते. संस्था कलम 154ब-29 खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी जाऊ शकते, पूर्वी हे कलम 101 खाली व्हायचं. तो दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षणात जाण्याआधी दाखल्याच्या रकमेच्या 50 टक्के भरावे लागतात. म्हणून तशी नोटीस आलीच तर पहिल्या तारखेला हजर राहा आणि लेखी म्हणणं द्या. लोक "आपलं खरं आहे" म्हणून घरी बसतात आणि एकतर्फी दाखला निघतो.

माहिती अधिकार संस्थेला थेट लागू नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सहकारी संस्थांबाबत हे स्पष्ट केलं आहे. उपनिबंधक कार्यालयाला लागू आहे. संस्थेने तिथे दाखल केलेला लेखापरीक्षण अहवाल त्या मार्गाने मिळू शकतो, तेवढाच त्याचा उपयोग.

---

ठाणेकर_काका | 22 एप्रिल 2024, रात्री 10:10

मुदतीचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण आमच्या संस्थेत एकाने चालू बिल भरलं तर ते पैसे जुन्या व्याजातच वळवून टाकले. मग भरून काय मिळालं त्याला?

---

हिशेबनीस | 22 एप्रिल 2024, रात्री 10:45

काका, म्हणूनच पत्राच्या शेवटी ते वाक्य घातलंय. करार कायद्याच्या कलम 59 प्रमाणे देणाऱ्याने ही रक्कम अमुक देण्यापोटी असं सांगून दिली आणि घेणाऱ्याने घेतली, तर ती तिथेच धरावी लागते. सांगितलं नाही तर घेणारा आपल्या सोयीने वळवतो. चेकच्या मागेही लिहा: फ्लॅट क्रमांक आणि तिमाही.

---

मोगरा | 13 मे 2024, रात्री 9:55

उशीर झाला, क्षमस्व. अर्ज बाबांच्या सहीने दिला. सचिवांनी आधी घेतला नाही, रजिस्टरने पाठवल्यावर चौथ्या दिवशी फोन आला की रविवारी या. बाबा आणि मी दोघंही गेलो. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. अकाउंटंट मुलगा नवीन आहे, वागायला चांगला होता, त्याने स्क्रीनवर खातं उघडून दाखवलं आणि छापूनही दिलं. नकलेची फी भरली, पावती घेतली.

पण उतारा 1 एप्रिल 2021 पासूनचाच आहे. त्याच्या आधीचं सॉफ्टवेअरमध्ये नाही, जुन्या वहीत आहे, आणि वही आधीच्या खजिनदारांकडे. पहिली ओळ "आरंभीची शिल्लक, नावे 18,000". म्हणजे तेच दोन हप्ते.

त्यापुढे दर तिमाहीला आकारणी 9,000, जमा 9,000, आणि व्याज. व्याजाचे आकडे असे: 945, 995, 1,047, 1,102, 1,160... असे वाढत वाढत मार्च 2024 च्या तिमाहीला 1,659. शेवटची शिल्लक 33,261.

यात एक समजत नाही. बाबांनी एप्रिल 2021 नंतर प्रत्येक बिल वेळेवर भरलंय, हे त्यांच्याच उताऱ्यात आहे. नवीन बाकी काही झालीच नाही. मग व्याज दर वेळी वाढतंय कसं?

---

हिशेबनीस | 14 मे 2024, सकाळी 11:00

आकडे दिलेत ते फार बरं केलंत. यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत, त्या वेगळ्या ठेवू.

आधी व्याज. 945 म्हणजे 18,000 वर 21 टक्क्यांनी एका तिमाहीचं व्याज. आदर्श उपविधींत थकबाकीवर सरळव्याज आहे, जास्तीत जास्त 21 टक्के, आणि दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा. सरळव्याज असेल तर मूळ रक्कम 18,000 च राहते आणि व्याज दर तिमाहीला 945 च यायला हवं. बारा तिमाहींचं 11,340, एकूण 29,340. तुमच्याकडे मागताहेत 33,261. वरचे 3,921 हे व्याजावरचं व्याज.

अकाउंटंटने मुद्दाम चक्रवाढ लावली असेल असं मला वाटत नाही. सॉफ्टवेअरमध्ये "जमा रक्कम आधी व्याजात" असा पर्याय निवडलेला असणार. पहिल्या तिमाहीत बाबांनी 9,000 भरले. सॉफ्टवेअरने त्यातले 945 व्याजापोटी घेतले, उरलेले 8,055 आकारणीला. म्हणजे चालू बिलातले 945 अपुरे राहिले आणि मूळ बाकी 18,945 झाली. पुढच्या तिमाहीचं व्याज 18,945 वर, म्हणजे 995. मग 19,940 वर, म्हणजे 1,047. बिलावर "सरळव्याज" छापलेलं असतं, दरही बरोबर असतो, आणि आकडा मात्र चक्रवाढीचा येतो. ओळखायची खूण अगदी सोपी आहे: नवीन बाकी नसताना व्याजाची रक्कम दर तिमाहीला वाढत असेल तर पैसे आधी व्याजात वळताहेत.

पण ताई, या 3,921 वर भांडत बसू नका. ती दुसऱ्या नंबरची गोष्ट. तो आरंभीचा 18,000 चा आकडा गेला की व्याज सरळ असो की चक्रवाढ, सगळंच जातं.

आता ते 18,000. तुमच्या खात्यातून पैसे गेले, परत आले नाहीत, म्हणजे संस्थेच्या बँकेत ते पडले. बँकेच्या पासबुकात जमा दिसणार, तुमच्या नावाने. जुन्या खजिनदारांना या आडनावाचा सभासद सापडला नसेल. मग माणूस ते पैसे ओळख न पटलेली जमा म्हणून सस्पेन्स खात्यात टाकतो, आणि करोनाच्या वर्षी हे जागोजागी झालंय. ते कुठे पाहायचं ते सांगतो. 31 मार्च 2021 चा लेखापरीक्षित ताळेबंद काढा, सर्वसाधारण सभेच्या अहवालासोबत घरी आला असेल. देणी बाजूला सस्पेन्स, अनोळखी जमा, सभासदांची जमा अशा नावाची ओळ आहे का बघा.

---

मोगरा | 14 मे 2024, रात्री 11:30

सापडली!

बाबांनी अहवालही ठेवलेत, वर्षावार. 2020–21 च्या अहवालात देणी बाजूला, सगळ्यात खाली, "सस्पेन्स (एनईएफटी जमा) 46,500". पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात तीच रक्कम. त्याच्या पुढच्याही. तीन वर्षं ती ओळ तशीच आहे. बाबांनी भिंग घेऊन तीनदा वाचली, मग चहा न पिता थोडा वेळ नुसते बसून राहिले.

माझी चूकही दिसली. एनईएफटी करताना शेऱ्यात मी फक्त `MAINTENANCE` लिहिलं होतं. फ्लॅट क्रमांक नाही, बाबांचं नाव नाही.

---

एक_सचिव | 15 मे 2024, सकाळी 7:40

दुसरी बाजूही सांगतो. मी एका संस्थेचा सचिव आहे, सहा वर्षं, बिनपगारी. त्या वर्षी आमच्याकडे एका महिन्यात चौदा जमा अशा आल्या की कुणाच्या ते कळेना. मुलाच्या खात्यातून, सुनेच्या खात्यातून, ऑफिसच्या खात्यातून. ग्रुपवर तीनदा विचारलं, पाच जणांनी उत्तर दिलं. पैसे भरून कळवलंच नाही तर खजिनदाराने काय करायचं? सस्पेन्समध्ये ठेवणं ही लबाडी नाही, तीच बरोबर नोंद आहे. दुसऱ्या कुणाच्या खात्यात टाकली असती तर मोठा घोळ झाला असता.

आणि जमा आधी व्याजात घेण्याची पद्धत बहुतेक संस्थांत आहे. आमच्या लेखापरीक्षकांनी कधी हरकत घेतली नाही. उपविधीत सरळव्याज आहे हे मान्य, पण जमा कशात आधी वळवायची हे तिथे कुठे लिहिलंय?

मोगराताईंच्या संस्थेने बोर्डावर नाव लावण्याची घाई केली, ते मात्र चूकच. वादातली रक्कम असताना मी लावलं नसतं.

---

कोर्टाच्या_पायऱ्या | 15 मे 2024, सकाळी 10:15

सचिवसाहेब, सस्पेन्सबद्दल सहमत. व्याजात आधी वळवण्याबद्दल नाही. सभासद चालू बिलाची नेमकी रक्कम, बिलाच्या मुदतीत, तेच बिल जोडून भरतोय, तर कशापोटी भरतोय हे परिस्थितीवरूनच दिसतं आणि कलम 59 मध्ये परिस्थितीवरून निघणारा हेतूही धरला आहे. शिवाय जी गोष्ट केल्याने सरळव्याजाचं चक्रवाढ होतं ती उपविधीच्या मर्यादेत बसते असं मी न्यायालयात मान्य करणार नाही. पण याला उत्तर देणारे वकील मला समोर भेटलेत, त्यामुळे हा वाद संपलेला आहे असं म्हणत नाही.

---

एक_सचिव | 15 मे 2024, सकाळी 10:40

मग सभासद मूळ बिल भरत राहणार आणि व्याज कधीच देणार नाही. ते वसूल कसं करायचं?

---

कोर्टाच्या_पायऱ्या | 15 मे 2024, सकाळी 11:05

व्याज वेगळ्या रकान्यात साठत राहू द्या आणि वेगळं मागा. त्यावर पुन्हा व्याज लावू नका, एवढंच.

---

हिशेबनीस | 15 मे 2024, दुपारी 2:00

ताई, आता पुढचं पत्र लहान लिहा. तीन कागद जोडा: तुमच्या बँकेचं त्या दोन नोंदींचं स्टेटमेंट, त्यावर प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक, दिसेल असं, ताळेबंदाची ती ओळ असलेलं पान, आणि तुमचं स्वतःचं साधं पत्र की हे 18,000 मी वडिलांच्या फ्लॅटच्या अमुक दोन तिमाहींच्या मेंटेनन्सपोटी भरले. हे तिसरं विसरू नका. पैसे तुमच्या नावाने आहेत, ते बाबांच्या खात्यात वळवायला संस्थेला तुमची सही हवी, आणि ती मागणं त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे.

मागणी एकच. यूटीआर संस्थेच्या पासबुकाशी ताडून हवाला नोंद करावी: सस्पेन्स खाते नावे 18,000, बाबांचे खाते जमा 18,000, आणि ती जमा मूळ तारखांना, नोव्हेंबर 2020 आणि फेब्रुवारी 2021 ला, धरावी. तारीख महत्त्वाची. आजच्या तारखेने जमा केली तर 18,000 वजा होतील आणि तीन वर्षांचं व्याज, 15,261, जागच्या जागी राहील. अकाउंटंट घाईत हेच करतो, कारण मागच्या वर्षांचे हिशेब बंद झालेले असतात. बंद वर्ष उघडायची गरज नाही. चालू वर्षात 15,261 ची व्याज रद्द केल्याची नोंद टाकता येते, कारण शेऱ्यात लिहून.

---

सानिका_पु | 15 मे 2024, संध्याकाळी 6:25

मी आज आमच्या संस्थेच्या ताळेबंदात पाहिलं, तिथेही सस्पेन्स आहे, बावीस हजारांच्या आसपास. माझे परत न आलेले पैसे त्यात असतील का?

---

हिशेबनीस | 15 मे 2024, संध्याकाळी 7:10

नाही सानिकाताई. तुमचे पैसे तुमच्याच नावाने बिल होऊन जमा झाले, ते संस्थेच्या उत्पन्नात गेले. तुमचा उतारा मागा, जास्तीची आकारणी महिनावार काढा आणि ती पुढच्या बिलांतून वळती करा अशी लेखी मागणी करा. वेगळा धागा काढलात तर नीट बोलू.

---

मोगरा | 10 जून 2024, रात्री 10:20

समितीची सभा शनिवारी झाली. यूटीआर पासबुकात जुळले, दोन्ही. 18,000 बाबांच्या खात्यात वळवायचं त्यांनी मान्य केलं. जुने खजिनदारही आले होते, ते स्वतः म्हणाले की मला नाव ओळखता आलं नाही, आणि त्यांनी बाबांचा हात धरून माफी मागितली. त्या माणसाबद्दल मला राग नाही राहिला.

पण व्याजावर अडलंय. सचिव म्हणतात, "व्याजमाफीचा अधिकार समितीला नाही, तो सर्वसाधारण सभेला. तुम्ही व्याजमाफीसाठी विनंती अर्ज द्या, सप्टेंबरच्या सभेत ठेवतो." अर्जाचा कागदही तयार करून दिला. त्यात लिहिलंय, "माझ्याकडून विलंबाने भरणा झाल्याने आकारलेले व्याज सहानुभूतीने माफ करावे." बाबा म्हणताहेत सही करून टाकू, प्रकरण मिटेल. मला ते वाक्य बरोबर वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही.

---

कोर्टाच्या_पायऱ्या | 10 जून 2024, रात्री 10:50

सही करू नका. बाबांना माझ्यातर्फे सांगा.

माफी मागायची ती खऱ्या देण्याची. त्या वाक्याखाली सही केली की विलंब झाला हे बाबांनी स्वतः लिहून दिलं, आणि सभेने माफी नाकारली तर 15,261 हे मान्य केलेलं देणं होऊन बसतं. इथे पैसे मुदतीत संस्थेच्या बँकेत होते. ज्या रकमेवर व्याज लावलं ती कधी थकलीच नव्हती. व्याज माफ करायचं नाहीये, चुकीची नोंद दुरुस्त करायची आहे, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला सर्वसाधारण सभा लागत नाही. मूळ 18,000 समितीनेच वळवले ना? त्याच नोंदीचा हा दुसरा भाग.

पत्रात "माफी" हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. "रद्द करून दुरुस्त खातेउतारा द्यावा" असं लिहा. समितीने पुढच्या सभेत निर्णय घेऊन लेखी कळवावा असंही लिहा. नाहीच ऐकलं तर आदर्श उपविधी 174 प्रमाणे नक्कल न देण्याची तक्रार उपनिबंधकांकडे जाते, आणि जादा आकारणीचा वाद सहकार न्यायालयात. 15,261 साठी न्यायालयात जायचं का, हा हिशेब तुमचा तुम्ही करा. वेळ लागतो, ते मी लपवणार नाही.

---

ठाणेकर_काका | 10 जून 2024, रात्री 11:20

ताई, बाबांना सांगा, सप्टेंबरपर्यंत थांबायचं झालं तर थांबू, पण त्या कागदावर सही नको. आणि बोर्डावरून नाव उतरवलं का?

---

मोगरा | 23 जून 2024, रात्री 9:05

पत्र दिलं, शिक्क्यासह पोच घेतली. सचिवांनी वाचलं, म्हणाले लेखापरीक्षकांना विचारतो. अजून उत्तर नाही. जुलैचं बिल पुढच्या आठवड्यात येईल, त्यात थकबाकी शून्य दिसते की 15,261, त्यावर कळेल.

काका, यादी काढली. त्याच जागी दुसरा कागद लावलाय, "2020–21 मध्ये एनईएफटी केलेल्या व नोंद न झालेल्या सभासदांनी यूटीआर क्रमांकासह संपर्क साधावा, सस्पेन्स शिल्लक ₹28,500". अकाउंटंट मुलाने लावला. बी विंगमधल्या एक आजी काल बाबांना विचारत होत्या की यूटीआर म्हणजे काय. बाबा आपली निळी फाइल घेऊन खाली गेलेत.